घातांकातला पुसट अंक

रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. माझी एक विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. तिने आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने एकच उदाहरण सोडवलं होतं आणि दोघींची उत्तरं बरोबर उलट आली होती. फोटोखाली दोनच ओळी होत्या: "सर, ही म्हणतेय कन्व्हर्ज होतं, मी म्हणतेय डायव्हर्ज होतं. दोन तास झाले, कुणीच मागे हटत नाहीये."

पुस्तक लायब्ररीतलं, घरी न देण्याच्या कपाटातलं. वर्गातल्या कुणीतरी तिथेच उभ्याउभ्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता आणि तो फॉरवर्ड होत होत माझ्यापर्यंत आला होता. पुस्तक नीट दाबून धरलेलं नसल्यामुळे पान शिवणीकडे वळलं होतं, आणि नेमकं हे उदाहरण त्या वळणाच्या सावलीत होतं. मोठं करून पाहिलं तेव्हा एवढं वाचता आलं:

∫₀^∞ sin x / x^(□/2) dx

खालची लिमिट शून्य होती, वरची अनंत, अंशात sin x. ह्यात शंका नव्हती. छेदातल्या x च्या डोक्यावरच्या घातांकात खालचा २ दिसत होता. त्याच्या वरचा अंक मात्र नुसता काळा ठिपका होता. मी तिथे चौकोन ठेवला आहे.

दोघींनी मात्र तिथे ३ धरला होता. मी विचारलं, "वर ३ आहे हे कुठे दिसलं तुम्हाला?" उत्तर आलं, "ग्रुपवर सगळे ३ धरूनच सोडवतायत." म्हणजे तो अंक पानावरून आला नव्हता, एकाने म्हटलं म्हणून बाकीच्यांनी धरला होता. खाली २ असताना वर सम संख्या असती तर घातांकात अपूर्णांक उरलाच नसता, त्यामुळे तिथे १, ३ किंवा ५ असणार एवढं मानायला हरकत नव्हती. पण ह्या तिघांत कुठला आहे ह्यावर सगळं उदाहरण फिरतं. तीन अंक, तीन वेगळे निकाल. म्हणून मी ठरवलं, की पुस्तक हातात येईपर्यंत तिन्ही सोडवायचे. त्याआधी दोघींच्या वह्या पाहणं भाग होतं.

दोन वह्या

दोघींनी ३/२ धरलं होतं. पहिलीने लिहिलं होतं: "sin x ची किंमत १ च्या पुढे जात नाही. म्हणून 1/x^(3/2) शी तुलना. शून्यापाशी p-टेस्टला p < 1 लागतं. इथे p = 3/2. म्हणून डायव्हर्जंट." मैत्रिणीने लिहिलं होतं: "|sin x| ≤ 1, म्हणून 1/x^(3/2) शी तुलना. p-टेस्टला p > 1 लागतं. इथे p = 3/2. म्हणून कन्व्हर्जंट."

शेजारी शेजारी ठेवून वाचलं की गंमत वाटावी इतक्या ह्या दोन वह्या सारख्या आहेत. फंक्शन तेच, तुलना तीच, टेस्टचं नाव तेच. फरक इतकाच, की पहिली शून्याच्या टोकाशी उभी होती आणि दुसरी अनंताच्या. दोघींनी आपलं टोक पाहून सबंध इंटिग्रलचा निकाल दिला.

p-टेस्ट म्हणून आपण जे पाठ करतो ते एक वाक्य नाही, दोन आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. १ पासून अनंतापर्यंत 1/x^p चं क्षेत्रफळ मोजायचं असेल तर p हा १ पेक्षा मोठा हवा. ० पासून १ पर्यंत मोजायचं असेल तर p हा १ पेक्षा लहान हवा. आलेख डोळ्यांसमोर आणला की हे लगेच पटतं: p वाढवला की उजवीकडची शेपटी झपाट्याने बारीक होते, पण शून्याजवळची भिंत तितकीच उंच आणि जाड होत जाते. एका टोकाला जे औषध, ते दुसऱ्या टोकाला विष. ह्यातून एक गोष्ट निघते, जी वर्गात क्वचितच मोठ्याने सांगितली जाते: असा एकही p नाही, ज्याच्यासाठी 1/x^p चं शून्यापासून अनंतापर्यंतचं इंटिग्रल कन्व्हर्ज होतं. तेव्हा शून्य ते अनंत अशा इंटिग्रलची एकाच घाताशी तुलना करून "कन्व्हर्ज होतं" असं कधीच सिद्ध करता येणार नाही. मैत्रिणीच्या वहीत ती तुलना दिसल्याक्षणी मला कळलं होतं, की उत्तर बरोबर असलं तरी रीत बरोबर नाही.

म्हणून पहिलं काम तुकडे करण्याचं:

∫₀^∞ = ∫₀^1 + ∫₁^∞

मध्ये १ च का, असं तिने विचारलंच. १ ला काही महत्त्व नाही. २ घेतले असते, ७ घेतले असते तरी चाललं असतं, कारण शून्य सोडून कुठल्याही धन संख्येपाशी हे फंक्शन सरळ वागतं. १ पाशी घातांकाचं गणित सोपं होतं इतकंच. महत्त्वाचं आहे ते असं, की दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे सांत यायला हवेत. एक तुकडा अनंत आला की संपलं. दुसऱ्या तुकड्यात काही ऋण भाग आहे आणि तो वजा होऊन भरपाई होईल, ही आशा धरायची नाही. व्याख्येतच दोन लिमिट वेगवेगळ्या घेतलेल्या आहेत.

शून्याचं टोक

पहिलीचं म्हणणं होतं की शून्यापाशी फंक्शन फुगतं. ते खरं आहे. पण किती फुगतं हे तिने चुकीच्या मापाने मोजलं. sin x ≤ 1 हे विधान सगळीकडे खरं आहे. शून्याजवळ मात्र ते फार ढिलं आहे. तिथे sin x एकच्या आसपासही नसतो. मी तिला कॅल्क्युलेटर घ्यायला सांगितला, आधी तो रेडियनवर आहे ना हे बघायला लावलं, आणि sin 0.1 काढायला सांगितला. ०.०९९८३ आला. sin 0.01 काढला, ०.०१ पेक्षा किंचित कमी आला. म्हणजे शून्याजवळ sin x जवळजवळ x इतकाच असतो. अंशातला हा x छेदातल्या घातातून एक पूर्ण घात खाऊन टाकतो. छेदात ३/२ असेल तर शून्यापाशी खरा उरलेला घात १/२ असतो:

sin x / x^(3/2) ≈ x / x^(3/2) = 1/√x

आणि १/२ हा १ पेक्षा लहान आहे. परीक्षेत "जवळजवळ" लिहून चालणार नाही, पण त्याची गरजही नाही. x धन असला की sin x हा x पेक्षा मोठा होत नाही, आणि (0, 1] वर तो धन असतो. म्हणून

0 < sin x / x^(3/2) ≤ 1/√x, आणि ∫₀^1 dx/√x = 2

पहिला तुकडा सांत, आणि २ पेक्षा कमी. sin x ची मालिका वापरून पद पद इंटिग्रेट केलं तर त्याची किंमत सुमारे १.९३५२ येते.

पहिलीच्या चुकीवर इथे थोडं थांबायला हवं, कारण ती चूक एखाद्या वेळची नाही, ती सवयीची आहे. तिने वरून घातलेली मर्यादा अनंत निघाली आणि त्यावरून आतलं फंक्शनही अनंत असं ठरवलं. कंपॅरिझन टेस्ट त्या दिशेने चालतच नाही. मोठं क्षेत्रफळ सांत असेल तर त्याच्या आतलं लहानही सांत. लहान क्षेत्रफळ अनंत असेल तर मोठंही अनंत. पण मोठं अनंत निघालं तर लहानाबद्दल एक अक्षरही कळत नाही. तेव्हा निकाल लिहायचा नाही, दुसरं माप शोधायचं.

तरीही तिला एक गोष्ट पटत नव्हती. "सर, पण शून्यापाशी किंमत अनंताकडे जातेय. मग क्षेत्रफळ सांत कसं?" ही शंका खरी आहे आणि ती शब्दांनी जात नाही, आकड्यांनी जाते. मी तिला शून्याऐवजी थोडं पुढून सुरुवात करून इंटिग्रलच्या किमती पाहायला सांगितल्या. ०.०१ पासून १ पर्यंत मोजलं तर १.७३५ च्या आसपास. ०.०००१ पासून मोजलं तर १.९१५. दहालाखांश भागापासून मोजलं तर १.९३३. त्या शेवटच्या ठिकाणी फंक्शनची उंची १००० आहे! पण तिथून शून्यापर्यंत उरलेली पट्टी इतकी अरुंद आहे, की तिचं सगळं क्षेत्रफळ फक्त ०.००२ भरतं. उंची वाढते त्यापेक्षा रुंदी जास्त वेगाने कमी होते. बघता बघता तिचा मेसेज आला, "हो, थांबतंय ते."

वर ५ असता तर

आता तेच शून्याचं टोक, पण घातांक ५/२. sin x ने एक घात खाल्ला तरी ३/२ उरतो, आणि तो १ पेक्षा मोठा आहे. इथे डायव्हर्ज सिद्ध करायचं आहे, तेव्हा मर्यादा खालून घालायला हवी. (0, 1] वर sin x हा x/2 पेक्षा नक्की मोठा असतो, तिथे sin x चा आलेख वर फुगलेला आहे आणि sin 1 ची किंमतच ०.८४ आहे. म्हणून

sin x / x^(5/2) ≥ 1/(2·x^(3/2))

उजव्या बाजूचं ε पासून १ पर्यंतचं इंटिग्रल 1/√ε − 1 येतं. ०.०१ पासून मोजा, ९ येतात. ०.०००१ पासून मोजा, ९९. दहालाखांशापासून मोजा, ९९९. आधीच्या आकड्यांशेजारी हे ठेवा आणि दोन वागणुकींतला फरक पाहा. पहिल्यात प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लहान पडत होतं, इथे प्रत्येक पाऊल दहापट मोठं पडतंय.

म्हणजे घातांक ५/२ असता तर इंटिग्रल डायव्हर्जंट, आणि अनंताच्या टोकाकडे पाहायचं कारणच उरलं नसतं. मैत्रिणीच्या रीतीने मात्र इथेही "p > 1, म्हणून कन्व्हर्जंट" असंच लिहिलं गेलं असतं, उलट अधिक खात्रीने, कारण ५/२ तर ३/२ पेक्षाही मोठा. तिची रीत किती धोक्याची होती हे तिला ह्या ठिकाणी दिसलं. तिच्या उत्तराचं बरोबर येणं हा त्या पुसट अंकाचा योगायोग होता.

अनंताचं टोक

३/२ साठी १ पासून अनंतापर्यंतचा तुकडा हा मैत्रिणीचा हक्काचा भाग. तिने लिहिलं होतं ते इथे शब्दशः बरोबर आहे. x ≥ 1 असताना |sin x| ≤ 1, म्हणून फंक्शनची निरपेक्ष किंमत 1/x^(3/2) पेक्षा मोठी नाही, आणि त्याचं इंटिग्रल २ आहे. म्हणून हा तुकडा कन्व्हर्जंट, इतकंच नव्हे तर ॲब्सोल्यूटली कन्व्हर्जंट. तिच्या ओळीत "x ≥ 1" एवढंच नव्हतं, आणि ते नसल्यामुळे सगळा युक्तिवाद घरंगळून शून्यापर्यंत गेला होता.

इथे पहिलीने एक वेगळी वाट धरून पाहिली. लिमिट कंपॅरिझन टेस्ट लावायची म्हणून तिने दोन फंक्शनचा भागाकार काढला. तो आला sin x. "सर, ह्याची लिमिटच नाहीये." नाहीच. sin x अनंताकडे जाताना कुठेच स्थिरावत नाही, म्हणून ही टेस्ट इथे लागू होत नाही. शिवाय त्या टेस्टला दोन्ही फंक्शनं धन लागतात, आणि sin x दर π अंतरावर चिन्ह बदलतो. चिन्ह बदलणारं फंक्शन समोर आलं की आधी निरपेक्ष किंमत घेऊन पाहावं, हा माझा वर्गातला नेहमीचा आग्रह आहे. ती कन्व्हर्ज झाली तर मूळ इंटिग्रलही होतंच.

पण निरपेक्ष किंमत डायव्हर्ज झाली तर? तो प्रश्न पुसट अंक १ असता तर आला असता.

वर १ असता तर

sin x / √x. शून्यापाशी sin x ने एक घात खाल्ला की छेदात काही उरतच नाही, उलट अंशात √x येतो. फंक्शन शून्याकडे जातं. छेदात √x दिसतो म्हणून शून्यापाशी हे इंटिग्रल इम्प्रॉपर आहे असं बरेच जण लिहितात. तिथे नुसती शून्य किंमत भरली की फंक्शन सलग होतं आणि त्या टोकाला काही सिद्ध करायचं राहत नाही.

अडचण सगळी अनंताकडे आहे. |sin x| ≤ 1 वापरलं तर 1/√x मिळतो आणि त्याचं क्षेत्रफळ अनंत. पहिलीने शून्यापाशी केली तीच चूक इथे दुसऱ्या टोकाला करण्याचा मोह होतो: वरची मर्यादा अनंत, म्हणून डायव्हर्ज. तसं नाही. इथे sin x चं चिन्ह बदलणंच मदतीला येतं. आलेखात एक टेकडी वर, पुढची दरी खाली, परत टेकडी, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी लहान. अधिक-उणे होत बेरीज एका किमतीभोवती डोलत डोलत स्थिरावते. ह्यासाठीची टेस्ट डिरिखलेच्या नावाने ओळखली जाते. हा जर्मन गणिती १८०५ ते १८५९ ह्या काळातला. टेस्टला दोन गोष्टी लागतात: sin x चं १ पासून b पर्यंतचं इंटिग्रल b कितीही वाढवला तरी मर्यादेत राहायला हवं, आणि 1/√x सतत उतरत शून्याकडे जायला हवा. दोन्ही इथे आहेत. टेस्ट आठवत नसेल तर इंटिग्रेशन बाय पार्ट्स करा, तेच हाती लागतं:

∫₁^b sin x/√x dx = cos 1 − cos b/√b − ½ ∫₁^b cos x / x^(3/2) dx

b अनंताकडे नेला की मधलं पद शून्य होतं आणि शेवटच्या इंटिग्रलमध्ये तोच ओळखीचा ३/२ येऊन बसतो, जो निरपेक्ष किंमत घेऊनही कन्व्हर्ज होतो. मला हे पाऊल फार आवडतं. जे घातांक १/२ ला जमत नव्हतं, ते एका बाय पार्ट्सने ३/२ वर नेऊन सोडवलं.

मात्र हे कन्व्हर्जन्स ॲब्सोल्यूट नाही. |sin x| च्या प्रत्येक टेकडीचं क्षेत्रफळ २ असतं. nπ ते (n+1)π ह्या टप्प्यात छेद जास्तीत जास्त √((n+1)π) इतका असतो, म्हणून त्या टप्प्याचं क्षेत्रफळ निदान 2/√((n+1)π) तरी भरतं, आणि ह्या संख्यांची बेरीज कुठेच थांबत नाही. म्हणून फोटोत फक्त उदाहरण असून भागत नाही, वरची सूचनाही लागते. "कन्व्हर्ज होतं का" असं विचारलं असेल तर १/२ चं उत्तर "हो". "ॲब्सोल्यूटली कन्व्हर्ज होतं का" असं विचारलं असेल तर "नाही". ह्या फोटोत ती सूचना कापली गेली होती.

ह्या इंटिग्रलचं भौतिकशास्त्रात एक दुसरं नाव आहे. x च्या जागी t² घातला तर ते sin t² च्या इंटिग्रलच्या दुप्पट होतं, आणि sin t² व cos t² ची ही इंटिग्रलं फ्रेनेलची म्हणून ओळखली जातात. प्रकाश कडेवरून वळतो त्याच्या अभ्यासात ती येतात. sin t² ची किंमत तर शून्याकडेही जात नाही, ती −१ आणि १ मध्ये कायम नाचत राहते, तरी इंटिग्रल कन्व्हर्ज होतं. "फंक्शन शून्याकडे जात नाही, म्हणून इंटिग्रल डायव्हर्ज" हा नियम मालिकांकडून उचलून इथे आणला जातो. इंटिग्रलना तो लागू नाही.

सोमवार

सकाळी लेक्चरच्या आधी आम्ही तिघं लायब्ररीत गेलो. कपाटातून पुस्तक काढलं, पान खिडकीपाशी सपाट दाबून धरलं. वर ३ होता. सूचनेत "कन्व्हर्जन्स तपासा" एवढंच लिहिलं होतं. तो अंक पाहून मैत्रिणीने सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच म्हणाली, "पण माझे मार्क कापले जातीलच ना?" मी हो म्हटलं. शून्याच्या टोकाबद्दल एकही ओळ नसलेल्या उत्तराला पूर्ण मार्क देता येत नाहीत.

तिथल्याच टेबलावर दोघींनी मिळून उत्तर पुन्हा लिहिलं, पहिली ओळ पहिलीची, दुसरी मैत्रिणीची. (0, 1] वर 0 < sin x ≤ x, म्हणून फंक्शन 1/√x पेक्षा मोठं नाही, ∫₀^1 dx/√x = 2, म्हणून हा तुकडा कन्व्हर्जंट. [1, ∞) वर |sin x| ≤ 1, म्हणून निरपेक्ष किंमत 1/x^(3/2) पेक्षा मोठी नाही, ∫₁^∞ dx/x^(3/2) = 2, म्हणून हाही ॲब्सोल्यूटली कन्व्हर्जंट. दोन्ही तुकडे सांत, म्हणून सबंध इंटिग्रल कन्व्हर्जंट. चार ओळींत उत्तर संपलं.

किंमत विचारली नव्हती, पण ह्या उदाहरणाची ती काढता येते. बाय पार्ट्सने ते cos x/√x च्या शून्य ते अनंत इंटिग्रलच्या दुप्पट होतं, आणि फ्रेनेलची किंमत वापरली की √(2π) येतं, म्हणजे सुमारे २.५०६६. त्यातले १.९३५२ शून्य ते १ ह्या छोट्याशा पट्टीतले आहेत. सबंध क्षेत्रफळाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग त्या टोकाशी आहे, ज्याबद्दल मैत्रिणीने काहीच लिहिलं नव्हतं आणि पहिलीने अनंत म्हणून सोडून दिलं होतं.

मैत्रिणीने किंमत पडताळायला मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये ०.००१ ते १०० अशा लिमिट घातल्या. आकडा २.४४ च्या जवळपास आला आणि ती गोंधळली. मी तिला तूट कुठे आहे ते शोधायला लावलं. १०० च्या पुढची शेपटी बाय पार्ट्सने मोजली तर ०.००२ पेक्षा जास्त नाही. शून्याकडचा सोडलेला भाग मात्र दोन गुणिले √0.001, म्हणजे ०.०६३ आहे. तूट जवळजवळ सगळी तिथलीच. आणि हेही सांगितलं, की ह्याच लिमिट घालून ५/२ चं इंटिग्रल विचारलं तरी यंत्र एक नीटसा आकडा देईल, कारण दोन सांत लिमिटमध्ये ते सांतच आहे. म्हणून एका आकड्यावरून निकाल लावायचा नाही. खालची लिमिट दोन-तीनदा शून्याकडे सरकवायची आणि आकडे थांबतायत की पळतायत ते पाहायचं. तोही पुरावा नव्हे, पण कुठली असमानता लिहायची ह्याची दिशा त्यातून कळते.

निघता निघता पहिलीने विचारलं, "सर, घातांक बरोबर २ असला तर?" मी पेन तिच्याकडे दिलं. तिने लिहिलं: शून्यापाशी sin x एक घात खातो, छेदात x उरतो, 1/x चं इंटिग्रल लॉग. ०.०००१ पासून मोजलं तर ln 10000, म्हणजे ९.२ च्या आसपास. "हळू पळतंय, पण पळतंय," ती म्हणाली, आणि पुढे लिहिलं: डायव्हर्जंट. मग मैत्रिणीने दुसऱ्या बाजूने शून्य घातांक घेतला. छेद गेला, नुसता sin x उरला, त्याचं शून्य ते b इंटिग्रल 1 − cos b, जे ० आणि २ मध्ये कायम हेलकावे खातं आणि कुठेच थांबत नाही. तेही डायव्हर्जंट. दोघींनी वहीत एक आडवी रेघ काढली, ० आणि २ वर पोकळ गोल काढले, १ वर एक खूण केली, आणि १ च्या डावीकडे "फक्त कन्व्हर्जंट", उजवीकडे "ॲब्सोल्यूटली" असं लिहिलं. नेमक्या १ वर काय लिहायचं ह्यावर त्यांचा पुन्हा वाद सुरू झाला, तेव्हा लेक्चरची बेल वाजली.